बरणीतला चमचा

बाबांनी आईचा फोटो पालथा घालून ठेवला होता. टेबलावर, औषधांच्या डबीशेजारी. मी तो सरळ करायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे."

"का?"

"मला तिच्याकडे बघायचं नाही."

आई जाऊन महिना होत आला होता. वृद्धाश्रमातली ही खोली दोघांची होती. तिचा पलंग अजून तिथेच होता, गादी गुंडाळून ठेवलेली. तिचं कपाट बंद होतं आणि त्याची किल्ली बाबांच्या सदऱ्याच्या खिशात होती. सदऱ्यावरून तिचा आकार दिसत होता.

"चाळीस वर्षं संसार केला," ते म्हणाले. "एकदाही खोटं बोलली नव्हती. आणि शेवटी जिभेपायी बोलली. साखरेपायी. मी विचारलं, तू लपून गोड खातेस का? तोंडावर नाही म्हणाली."

"मग नाहीच खाल्लं असेल."

"तुला काय माहीत? तू इथे होतीस का?" त्यांचा आवाज चढला. "शुगर आकाशाला भिडली होती तिची. इंजेक्शन वाढवलं, पुन्हा चढली. पुन्हा वाढवलं. मग मॅनेजर बाईंनी कपाटाची झडती घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून शुगर खाली. सरळ हिशेब आहे. पकडली गेली, घाबरली, बंद केलं."

"झडतीत काय सापडलं?"

"काही नाही. संपवलं असणार."

बोलायला गेले असते तर ओरडले असते, आणि ज्यांच्यावर ओरडायचं ते माझे वडील नव्हते. मला आठवत होतं ते एवढंच की झडतीनंतर दहा-बारा दिवसांनी पहाटे आई न्हाणीघरात पडली, घामाने भिजलेली. डोक्याला मार लागला. दवाखान्यात नेलं तेव्हा तिची शुगर इतकी उतरलेली होती की तिथले डॉक्टर यंत्र बदलून पुन्हा तपासत होते. ती शुद्धीवर आलीच नाही. आश्रमाच्या मॅनेजर बाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "काय करणार हो. चोरून खाणाऱ्यांची शुगर अशीच वरखाली होते." मी त्यांचे आभार मानले होते. तेव्हा मी कुणाचेही आभार मानत होते.

जेवणाची घंटा झाली. बाबा म्हणाले, "चल. पाहुण्यांचं ताट सांगून ठेवलंय."

जेवणघराच्या दारावरच ती सूचना होती. जाड अक्षरांत छापलेली, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली: "रहिवाशांनी बाहेरचे गोड पदार्थ खोलीत ठेवू नयेत. नुकत्याच घडलेल्या दुःखद घटनेवरून सर्वांनी बोध घ्यावा." माझी आई आता बोध झाली होती. दिवसातून तीन वेळा साठ माणसं तिच्याखालून जेवायला जात होती.

बाबांच्या टेबलावर एक पोस्टमास्तर बसायचे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. तेही मधुमेही.

"या या," ते म्हणाले. "पाहुण्यांना आमचं पंचपक्वान्न. उकडलेली भाजी, बिनमिठाची डाळ आणि मोजून मापून भात. रुग्णाच्या ताटाला इथे आहार म्हणतात, जेवण म्हणत नाहीत."

ताट खरोखरच मोजलेलं होतं. भाताची मूद एका साच्यातून काढलेली, सगळ्या ताटांत सारखी. भाजीला तेल नावापुरतं. मात्र टेबलाच्या मधोमध दोन उंच काचेच्या बरण्या होत्या, एकीत तेलात बुडालेलं लोणचं, दुसरीत कैरीची गोड चटणी, पाकात चमकणारी. शेजारी परातीत पापड. तळलेले.

"हे सगळ्यांना चालतं?" मी विचारलं.

"ते तोंडी लावणं," पोस्टमास्तर म्हणाले. "त्याला कोण धरतंय? नाहीतर हे गवत घशाखाली उतरायचं कसं? नर्सच सांगते, आजोबा, एक चमचा चटणी घ्या आणि ताट संपवा. आता आज्ञाधारक माणूस मी." त्यांनी बरणीत हात घातला, चमचा भरून काढला आणि भातावर उपडा केला. मग बाबांकडे पाहून आवाज खाली आणला. "वहिनींचं मात्र बघण्यासारखं असायचं. एक म्हणजे एकच. वर सुरीची पाठ फिरवून सपाट करायच्या. शीग राहिली तर परत बरणीत. मी म्हणायचो, वहिनी, सोनं जोखताय का?"

बाबा खाली मान घालून डाळ कालवत होते.

"रोज?" मी विचारलं.

"तिन्ही त्रिकाळ. सकाळी न्याहारीला, दुपारी, संध्याकाळी. एक चमचा सांगितलाय ना, मग एकच, म्हणायच्या."

आईची ती सवय मला ठाऊक होती. तिला कुणी सांगितलं की ती पाळायची, आणि पाळते आहे हे स्वतःला दाखवायलाही पाळायची. चहातली साखर डॉक्टरांनी बंद केली त्या दिवशी तिने साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला होता, बाबांनासुद्धा मिळू नये म्हणून. असं माणूस गादीखाली पेढे ठेवत नाही.

मी बरणीतला चमचा उचलला. तो चहाचा चमचा नव्हता. लांब दांड्याचा, खोलगट, भाजी वाढायला असतो तसला होता. माझा अंगठा त्यात आडवा मावला असता.

"हाच चमचा असतो?"

"आता हाच," पोस्टमास्तर म्हणाले. "आधी छोट्या बरण्या होत्या, छोटे चमचे होते. मग कुठल्या दात्याने या उंच बरण्या दिल्या. छोटा चमचा त्यात टाकला की बुडाला. काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागायचा. एकदा मी घातला होता, तीन दिवस मुंग्या माझ्या मागे. मग आचारी मामाने हे मोठे आणले."

"कधी?"

"झाले की चारेक महिने."

आईची शुगर चढायला लागली त्यालाही तेवढेच झाले होते.

मी ताट तसंच ठेवलं आणि उठले. बाबा म्हणाले, "अगं, जेव तरी." मी त्यांना म्हटलं, येते.

आहारतज्ज्ञ बाईंची खोली स्वयंपाकघराला लागूनच होती. बाई कसली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी. आठवड्यातून तीन दिवस यायची. ती डबा उघडून बसली होती. मी कोण ते कळल्यावर उभी राहिली.

"मधुमेहाच्या ताटात तुम्ही गोड चटणी किती धरता?"

तिला वाटलं असावं मी वेगळं काही विचारेन. ती मोकळी झाली. "एक चहाचा चमचा. पाच ग्रॅम. त्यात साखर तीनेक ग्रॅम. ते आम्ही भातातून कमी करून बसवतो. जेवण अगदीच बेचव असलं की वृद्ध माणसं उपाशी राहतात, म्हणून मुद्दाम ठेवलंय."

"आणि पापड?"

"भाजलेला, एक. लोणचं अर्धा चमचा, निथळून."

"तुम्ही जेवणघरात शेवटचं कधी गेला होतात?"

"म्हणजे?"

"पंगत बसलेली असताना."

"मी ताटं इथे तपासते," ती म्हणाली. "खिडकीतून बाहेर जाण्याआधी. प्रत्येक ताट."

"ताटात चटणी नसते. चटणी टेबलावर असते." मी पदराखालून तो चमचा काढून तिच्या डब्याशेजारी ठेवला. चिकट होता. "हा त्या बरणीतला."

तिने चमच्याकडे पाहिलं. एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी: तिने सारवासारव केली नाही. "या माझ्यासोबत," म्हणाली.

स्वयंपाकघरात आचारी, ज्याला सगळे मामा म्हणायचे, भांड्यांवरून ओरडत होता. आहारतज्ज्ञ मुलीने वजनकाटा ओट्यावर ओढला, त्यावर वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि म्हणाली, "मामा, गोड चटणीची बरणी द्या."

"आता? जेवण चालू आहे. काही खराब निघालं का?"

"द्या."

तिने चमचा भरला. मी म्हटलं, "थांबा. सुरीने सपाट करा. शीग नको." तिने सुरीची पाठ फिरवली. वाटीत उतरवला. अठ्ठावीस ग्रॅम.

"चटणी कशी करता, मामा? एका वेळची."

"पाच किलो कैरीचा कीस, पाच किलो साखर. मसाला काय, चिमटीभर. आटवून आठ किलोपर्यंत उतरते. का हो मॅडम?"

तिने बोटांवर हिशेब केला, मग मोबाइलवर, मग पुन्हा मोबाइलवर, जणू आकडा बदलेल. "आठात पाच साखर," ती म्हणाली. "अठ्ठावीसमध्ये साडेसतरा. कैरीची स्वतःची वेगळी." तिने साखरेच्या डब्यातून चहाच्या चमच्याने साखर दुसऱ्या वाटीत मोजायला घेतली. सपाट चमचे. एक, दोन, तीन, चार, आणि वर जराशी. तेव्हा काट्यावर साडेसतरा आले.

"तीन वेळा," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. मीच चमचा घेतला आणि आणखी दोनदा तेवढी साखर ओतली. वाटी जवळजवळ भरली. पन्नास ग्रॅमच्या वर. डॉक्टरांनी माझ्या आईच्या चहातली अर्धा चमचा साखर बंद केली होती.

"एवढ्याशा चटणीचं काय घेऊन बसलात," मामा म्हणाला. "औषधासारखी घेतात हो माणसं."

"पापड भाजायचे ठरले होते ना?" मुलगी त्याच्यावर फिरली. तिचा राग खरा होता, पण तो वळला कुठे ते मी पाहिलं.

"साठ पापड कोण भाजत बसणार, मॅडम? आचेवर एकेक करून? तुम्ही माणूस द्या, मी भाजतो. कढईत दहा मिनिटांत होतात. आणि तळलेल्या पापडात असं काय तेल असतं? वजन करा, कच्चा नि तळलेला. दोन-तीन ग्रॅमचा फरक."

"तसा फरक धरत नाहीत. तळताना पापडातलं पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी तेल बसतं. त्यामुळे पापडाचं वजन खोटं बोलतं." तिने गार झालेली कढई तेलासकट काट्यावर ठेवायला लावली, आकडा पाहिला, मग दहा पापड तळायला लावले, निथळल्याचा कागदही मोजला, आणि कढई गार झाल्यावर पुन्हा ठेवली. तोवर पाऊण तास गेला होता. कागदावरचं धरूनसुद्धा प्रत्येक पापडात साडेचार ग्रॅम तेल गेलं होतं. चहाचा एक चमचा. लोणच्याचा मोठा चमचा तिने चाळणीत घालून ठेवला होता. बुरशी येऊ नये म्हणून मामा वरून तेलाचा थर देत असे आणि वाढताना चमचा वरच्या थरातूनच निघे. खाली वाटीत नऊ ग्रॅम तेल उतरलं. आणखी दोन चमचे. भाजीच्या फोडणीत तिने दर माणशी एक चमचा तेल बसवलं होतं.

"म्हणजे ताट तुम्ही मोजता," मी म्हटलं, "आणि ताटाबाहेर तिप्पट वाढता. साखर तर सहापट."

ती म्हणाली, "हो."

मग तिने जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं. मी तर फक्त एवढं घेऊन आले होते की आईने चोरलं नाही. ती म्हणाली, "झडतीनंतर त्यांची शुगर एकदम खाली आली. का?"

"बाबा म्हणतात, पकडली गेली म्हणून."

"पण चोरत नव्हत्या. मग काय बंद झालं?"

आम्ही दोघी जेवणघरात गेलो. जेवणं उरकली होती. बाबा एकटेच बसले होते, माझ्या झाकून ठेवलेल्या ताटापाशी. मी त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, झडतीच्या दुसऱ्या दिवशी आई जेवायला आली होती?"

"आली होती."

"काय केलं तिने?"

"काय करणार? मुकाट जेवली."

"चटणी घेतली?"

त्यांनी वर पाहिलं. मग बरणीच्या जागेकडे. "नाही," ते म्हणाले. "बरणी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, माझ्या जिभेवर संशय आहे ना सगळ्यांचा, मग जिभेला आता काहीच नको. मी म्हटलं, नाटकं करू नकोस. त्यानंतर तिने हात लावला नाही बरणीला. लोणचं नाही, पापड नाही. भातसुद्धा अर्धाच खायची. मला वाटलं, लाज वाटली असेल."

आहारतज्ज्ञ मुलीने खुर्चीची पाठ धरली.

"आणि इंजेक्शन?" मी तिला विचारलं. "तेही कमी केलं होतं ना?"

"डॉक्टर दर पंधरा दिवसांनी येतात," ती म्हणाली. "नर्सने आकडे खाली आलेले पाहिले. नोंद 'सुधारणा' अशी केली." ती बाबांकडे वळली. "आजोबा, वाढवलेलं इंजेक्शन त्या चटणीसाठी होतं. आम्हाला माहीत नव्हतं, पण त्या चटणीसाठीच होतं. त्यांनी चटणी सोडली आणि इंजेक्शन तेवढंच राहिलं."

बाबांना ते लगेच कळलं नाही. किंवा कळलं असेल. ते म्हणाले, "कुठली चटणी? ही? ही तर सगळेच खातात."

मी वाट पाहिली नाही. मॅनेजर बाईंच्या खोलीत गेले. त्या हिशेबनीस असाव्यात पूर्वी. टेबलावरची प्रत्येक वस्तू कडेला समांतर असायची. मी सांगितलं. उभ्यानेच. मला वाटतं मी आवाज चढवला नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं दुःख मी समजू शकते."

"माझं दुःख राहू द्या बाजूला. त्या दाराला लावलेली सूचना काढा. आणि माझ्या वडिलांना, सगळ्यांसमोर, सांगा की माझ्या आईने काही चोरलं नव्हतं."

"अहो, असं कसं सांगता येईल? चमचाभर चटणीने कुणी..." त्यांनी शब्द बदलला. "त्यांनी दुसरंही काही खाल्लं असेल. आपण पाहिलंय का?"

"तुम्ही पाहिलंत. कपाट उघडून पाहिलंत. काय सापडलं?"

"प्रश्न तो नाही."

"प्रश्न तोच आहे."

"हे बघा, चार माणसांत आश्रमाचं नाव..."

"तिचंही नाव होतं," मी म्हटलं आणि दाराकडे वळले. रागाच्या भरात मी दाराची मूठ उलटी फिरवत होते. दार त्यांनीच उघडून दिलं. तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं.

मला वाटलं होतं त्या काहीच करणार नाहीत. पण त्यांनी केलं, आणि ते आणखी वाईट होतं.

संध्याकाळी नर्स नेहमीप्रमाणे खोल्याखोल्यांतून इंजेक्शनं देऊन गेली. घंटा झाली. मी बाबांना घेऊन जेवणघरात गेले, तर टेबलं मोकळी. बरण्या नाहीत. पापडाच्या पराती नाहीत. ताटं तेवढी मांडलेली, साच्यातली मूद, उकडलेली भाजी. सूचनाही दारावरून गायब. चार कोपऱ्यांतल्या टाचण्यांच्या खुणा राहिल्या होत्या.

"हा काय दुष्काळ?" पोस्टमास्तर म्हणाले. "बरणीला पाय फुटले?"

मॅनेजर बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, हात बांधून. "आजपासून तोंडी लावणं बंद," त्यांनी जाहीर केलं. "सर्वांच्या प्रकृतीसाठी. कुणाची तक्रार नको."

म्हणजे मोजायला काही उरू नये. चमचा नाही, बरणी नाही, चटणी नाही. उद्या कुणी विचारलं तर आश्रमात गोड चटणी कधी नव्हतीच.

आहारतज्ज्ञ मुलगी जायला निघाली होती, खांद्याला पिशवी. ती दारातच थबकली. तिने टेबलं पाहिली. मग तिची पिशवी खाली पडली.

"इंजेक्शनं झाली का?" तिने नर्सला विचारलं.

"झाली की. केव्हाच."

"बरण्या आणा," ती म्हणाली. मग ओरडली. "मामा! बरण्या बाहेर आणा. सगळ्या!"

"मी बंद केल्यात," मॅनेजर बाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना, साखर जास्त आहे?"

"अहो बाई, इंजेक्शन त्या साखरेच्या हिशेबाने दिलंय! चार महिने जेवढ्यांची शुगर चढली त्या सगळ्यांचं वाढवलंय. आज चटणी काढलीत आणि इंजेक्शन तसंच ठेवलंत तर पहाटेपर्यंत किती जण न्हाणीघरात पडतील, मोजणार आहात? आधी डॉक्टरांना फोन. डोस आणि चटणी एकत्र कमी होतील, एकेकाचं बघून. तोवर रोजचं तसंच. नर्स, झोपण्याआधी सगळ्यांची शुगर तपासा, आणि पहाटे पुन्हा."

मामाने बरण्या छातीशी धरून आणल्या. माणसं एकमेकांकडे बघत होती. ज्यांना सकाळी कुणी सांगितलं असतं की चटणी विष आहे, त्यांना आता सांगितलं जात होतं, खा. पोस्टमास्तरांनी चमचा बरणीत घातला, भरला, आणि पहिल्यांदा वर सुरीची पाठ फिरवली. काही विनोद केला नाही.

बाबा उभे राहिले.

"मॅनेजर बाई," ते म्हणाले. जेवणघर मोठं आहे आणि त्यांचा आवाज आता बारीक झालाय, पण ऐकू गेला. "आज सगळ्यांची चटणी तुम्ही काढून घेतलीत, तर ही मुलगी ओरडली. माझ्या बायकोने स्वतःहून सोडली तेव्हा कुणी ओरडलं नाही."

"आजोबा, बसा. आपण खोलीत बोलू."

"खोलीतच चला." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "झडतीच्या दिवशी ही तुमच्या हातात मी दिली होती. ती नको म्हणत होती. माझी अब्रू काढू नका म्हणत होती. मी म्हटलं, भिण्यासारखं काही नसेल तर उघडू दे. मी दिली." त्यांनी किल्ली पुढे धरली. "चला. पुन्हा उघडा."

"आता त्याची काय गरज..."

"उघडा."

त्या आल्या. त्यांना यावंच लागलं, कारण अर्धं जेवणघर आमच्या मागे निघालं होतं, काठ्या टेकत. ज्यांना चालवत नव्हतं ते दाराशी थांबले. पोस्टमास्तर सगळ्यात पुढे.

मॅनेजर बाईंनी कपाट उघडलं. पाच-सहा साड्या. एक शाल. चष्म्याचं घर. खालच्या खणात चपला, कागदात गुंडाळलेल्या. आईच्या साबणाचा वास आला, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

"काय सापडलं?" बाबांनी विचारलं.

"आजोबा..."

"सगळे खण उघडा. शाल झटका. तेव्हा झटकली होतीत."

त्यांनी शाल झटकली. खण ओढले, लावले.

"काय सापडलं?"

"काही नाही."

"मोठ्याने. बोळात माणसं आहेत, त्यांना कमी ऐकू येतं."

मॅनेजर बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांना माझ्याकडून मदत हवी होती, बायकांनी बायकांना करावी तशी. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काही सापडलं नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाही सापडलं नव्हतं."

बोळात कुणीतरी कुणाच्या तरी कानात ते पुन्हा सांगितलं. मग त्याच्या पुढच्याने पुढच्याला. ते शब्द जिन्यापर्यंत गेलेले मला ऐकू आले.

माणसं पांगली. डॉक्टरांचा फोन लागल्याचं नर्स येऊन सांगून गेली. आहारतज्ज्ञ मुलगी काही वेळ दारात उभी होती. तिला वाटत असावं मी काहीतरी म्हणेन. दुपारी तिने एकदाही सारवासारव केली नाही आणि संध्याकाळी साठ माणसांत ती एकटी ओरडली, हे मला दिसत होतं. तरी चार महिने ती खिडकीच्या अलीकडे उभी राहून ताटं मोजत होती, हेही दिसत होतं. मी तिला म्हटलं, "उद्या जेवणघरात बसून जेवा." ती हो म्हणाली आणि गेली.

बाबा पलंगावर बसले. किल्ली कपाटालाच राहिली होती, त्यांनी ती काढली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी टेबलावरच्या फोटोकडे हात नेला. चौकटीच्या कडेवर बोटं ठेवली. तसंच बसून राहिले.

सकाळी त्यांना तिचं तोंड बघायचं नव्हतं. आता तिला आपलं दाखवायचं नव्हतं.

"तू कर ना सरळ," ते म्हणाले.

मला करता आलं असतं. हातभर अंतरावर होता. पण दिवसभराचा राग अजून माझ्या अंगात होता, आणि त्यातला एक वाटा त्यांचाही होता, हे मला तेवढ्यात कळलं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच करा."

आणि ते करेपर्यंत मी तिथे, आईच्या गुंडाळलेल्या गादीवर, बसून राहिले.